स्क्रीनशॉटमधलं पंपाचं गणित: ४.८ की ९.३ किलोवॅट?

तुरीची_शेंग
नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातली, अकरावी सायन्स. आमच्या ग्रुपवर कोणीतरी सराव पेपरचा स्क्रीनशॉट टाकला आहे. तो दहा ग्रुप फिरून आलेला दिसतो, अक्षरं फुटली आहेत आणि उजवी कड थोडी कापली गेली आहे. उत्तरसूची कोणाकडेच नाही. आता ग्रुपवर दोन पक्ष पडलेत: एक म्हणतो ४.८, दुसरा म्हणतो ९.३. फोटो खाली जोडला आहे. मला दिसतं ते मराठीत लिहिते:

विहिरीतलं पाणी 12 m खाली आहे (1 आणि 2 च्या मध्ये एक ठिपका दिसतो, त्यामुळे 1.2 सुद्धा असू शकेल). पंप मिनिटाला 1800 लिटर पाणी वर आणतो आणि तोटीतून बाहेर फेकतो. तोटीबद्दल "cross" असं लिहून पुढचं कापलं गेलंय. त्याच्या खालच्या ओळीत "20 cm" आणि त्यावर एक डाग. कार्यक्षमता 75%. g = 10 m/s². पंपाला किती पॉवर द्यावी लागेल?

पर्याय: (अ) 4.8 kW (ब) 6.98 kW (क) 9.3 kW (ड) 5.2 kW

पूर्ण पायऱ्या दाखवून कोणी सोडवून देईल का? नुसतं उत्तर नको, ग्रुपवर ती भरपूर आहेत.

तर्रीपोहे
सोपं आहे गं. mgh लाव, संपलं. मिनिटाला 1800 लिटर म्हणजे सेकंदाला 30 लिटर म्हणजे 30 किलो.

30 × 10 × 12 = 3600 W
3600 ÷ 0.75 = 4800 W = 4.8 kW

पर्याय अ. तोटीची माहिती गोंधळात टाकायला दिलेली असते, पेपर काढणाऱ्यांची सवयच आहे ती.

निळी_शाई
तोटीची माहिती मी वापरली तरी अ च येतं. मी 20 cm हा व्यास घेतला. त्रिज्या 0.1 m, क्षेत्रफळ 0.0314 m², वेग 0.03 ÷ 0.0314 म्हणजे साधारण 0.95 m/s. गतिज ऊर्जेचे फक्त 14 वॅट निघतात. एकूण 3614, भागिले 0.75 केलं की 4818 W. म्हणजे 4.8. दोन्ही रस्त्यांनी तेच, त्यामुळे अ पक्कं समजा.

वावरवाला
मी दारव्ह्याकडचा शेतकरी. पोरी, तुया प्रश्न वाचला अन् हासू आलं. १२ मीटर म्हणजे चाळीस फुटाची हिर. तिले ९.३ किलोवॅट म्हंजे साडेबारा एचपीची मोटर? आमच्या हिरीवर पाच एचपी हाय, तीन इंची पाईप, अन् पाणी बी तेवढंच खाली. मस्त चालते. काहून एवढी मोठी घेता? कंपनीवाले सांगतेत त्यायच्यावर जाऊ नका.

तुरीची_शेंग
काका, मोटर घ्यायची नाही हो, परीक्षेचं गणित आहे 🙂 पण तुमचा मुद्दा मला खटकतोच आहे. तुमच्याकडे पाचमध्ये होतं तर इथे साडेबारा कसे?

जुना_मास्तर
वणीहून. आधी फोटो नीट वाचू, मग गणित.

फोटो मोठा करून पाहिला. cm वरचा डाग आणि त्याच ओळीखाली असलेल्या m/s² मधला वरचा 2, हे दोन्ही आपापल्या ओळीत एकाच उंचीवर आहेत आणि आकारानेही तेवढेच. फॉरवर्ड होताना फोटो दाबला जातो तेव्हा सगळ्यात आधी अशी लहान वर चढवलेली अक्षरं जातात. त्याच फोटोत तसंच दुसरं अक्षर शोधायचं आणि त्याच्याशी डाग ताडून पाहायचा. म्हणून हे 20 cm² आहे. "cross" नंतर कापलेला शब्द section असणार. छेदाचं क्षेत्रफळ दिलेलं आहे, व्यास नाही. निळी_शाई, तुमची आकडेमोड बरोबर आहे, पण ती वेगळ्याच तोटीची आहे.

ठिपक्याचंही तसंच. दशांश टिंब ओळीच्या तळाशी बसतं. याच फोटोत 6.98 मधलं टिंब पाहा, ते खाली आहे. 1 आणि 2 मधला ठिपका आकड्याच्या अर्ध्या उंचीवर आहे, तो कचरा आहे. म्हणून 12.

आता सोडवू. पेन घेताच सूत्रात आकडे टाकायचे नाहीत, आधी दिलेली प्रत्येक राशी मीटर, किलोग्रॅम, सेकंदात आणून एका बाजूला मांडायची.

खोली: h = 12 m, हिला काही करायचं नाही.

प्रवाह: 1800 L/min
1800 ÷ 60 = 30 L/s
1 L = 10⁻³ m³, म्हणून 30 L/s = 0.03 m³/s
पाण्याची घनता 1000 kg/m³, म्हणून वस्तुमान 0.03 × 1000 = 30 kg/s

"30 लिटर म्हणजे 30 किलो" हे पाण्यापुरतं खरं. डिझेल असतं तर वेगळा आकडा आला असता, म्हणून घनतेची ओळ लिहायचीच.

क्षेत्रफळ: इथेच ग्रुपवरचे दोन पक्ष फुटले असतील.
20 cm² = 20 × (10⁻² m)² = 20 × 10⁻⁴ m² = 2 × 10⁻³ m²

वर्ग cm लाही लागतो, म्हणून शंभराने नाही, दहा हजाराने भागायचं. कंसाशिवाय ही ओळ लिहूच नका. कंस घातला की 10⁻² चा वर्ग आपोआप होतो, लक्षात ठेवावं लागत नाही.

वेग: v = 0.03 m³/s ÷ 0.002 m² = 15 m/s

पाणी वर आणायला लागणारी पॉवर: 30 × 10 × 12 = 3600 W
पाण्याला वेग द्यायला लागणारी: ½ × 30 × 15² = 3375 W
एकूण: 6975 W

ही पाण्यात गेलेली पॉवर. पंपाने घेतलेल्यातली 75% च पाण्यात जाते, म्हणून
P = 6975 ÷ 0.75 = 9300 W = 9.3 kW

पर्याय क.

तर्रीपोहे
सर, पण 20 ला 100 ने भागलं तर 0.2 m², वेग 0.15 m/s, गतिज ऊर्जा नगण्य, परत 4.8 येतं. म्हणजे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी अ आणि फक्त एकीने क. पर्यायात तंतोतंत बसतंय तर ते चुकीचं कसं?

जुना_मास्तर
तुमच्या तिन्ही पद्धती एकच काम करतात: गतिज ऊर्जेचं पद पुसून टाकतात. एकाने ते लिहिलंच नाही, एकाने तोटी एवढी रुंद घेतली की वेग उरला नाही, एकाने एकक चुकवलं आणि तोटी आणखी रुंद झाली. उरतं फक्त mgh, आणि त्याचं 4.8. पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो 4.8 पर्यायात ठेवतो. बाकीचे पर्यायही तसेच आले आहेत. 6.98 म्हणजे कार्यक्षमता विसरलेल्याचं उत्तर, आणि 5.2 म्हणजे 0.75 ने भागायच्या ऐवजी गुणलेल्याचं (6975 × 0.75 = 5231). प्रत्येक खड्ड्यावर एक पाटी लावून ठेवली आहे.

निळी_शाई
मग तोच नियम ठिपक्याला का लावत नाही सर? मी 1.2 घेऊन पाहिलं: 360 + 3375 = 3735, भागिले 0.75 म्हणजे 4980 W. हे कुठल्याच पर्यायात नाही, म्हणून मीही 12 धरलं. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे पर्यायांवर विश्वास ठेवायचा नसतो.

जुना_मास्तर
चांगलं पकडलंत. पर्यायात न बसणं हा वाचन चुकल्याचा इशारा धरता येतो. पर्यायात बसणं हा ते बरोबर असल्याचा पुरावा नाही. तरी 12 मी टिंबाच्या उंचीवरून धरलं, पर्यायांवरून नाही. पर्याय फक्त जोडीला.

कॉइल_रिवाइंडिंग
आर्णीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं. फिजिक्स बारावीपर्यंतच झालं, पण 0.2 m² पाहून मी थांबलो असतो. सांगतो काहून ते.

दोन इंची पाईपचा आतला व्यास धरा पाच सेंटिमीटर. त्याचं तोंड साधारण २० चौरस सेंटिमीटरच भरते. म्हणजे गणितातली तोटी आपला दोन इंची पाईप आहे, रोजचा. आता 0.2 चौरस मीटर तोंड पाहिजे तर पाईप पन्नास सेंटिमीटर व्यासाचा लागते, म्हणजे वीस इंची! असा पाईप कोणाच्या वावरात पाहिला का? गावच्या नाल्यावर सिमेंटचा पाईप टाकतात तसला. उत्तर काढायच्या आधीच समजते की चूक झाली.

अन् मोटरच्या प्लेटवर पाहा. ५ एचपीवर 3.7 kW लिहिलं असते, १२.५ एचपीवर 9.3 kW. म्हणजे क पर्यायाची मोटर बाजारात भेटते 😄

तुरीची_शेंग
हे भारी आहे. घरी पाईप मोजून पाहिला, आमचाही दोन इंचीच. सर, एक शंका. मी सगळं cm मध्येच ठेवून केलं तर? 30 लिटर म्हणजे 30,000 cm³, भागिले 20 cm², आलं 1500 cm/s. म्हणजे 15 m/s. तेच आलं.

जुना_मास्तर
ही उत्तम पडताळणी आहे, आणि वेगापुरती ती माझ्या रस्त्यापेक्षा सोपीसुद्धा. cm ला cm नेच भागलं म्हणून 10⁻⁴ ची भानगडच आली नाही. फक्त 1500 चा आकडा ½mv² मध्ये तसाच जाऊ देऊ नकोस. वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे चूक शंभरपट नाही, दहा हजारपट होते: 3375 च्या जागी 3 कोटी 37 लाख 50 हजार. अर्थात एवढा आकडा आला की कोणीही थांबतं. छोट्या चुका जास्त घातक, त्या 4.8 सारख्या साळसूद दिसतात.

वावरवाला
माया सवाल राहूनच गेला. माह्या हिरीवर पाचमध्ये भागते अन् पोरीच्या गणितात साडेबारा. दोन्ही चाळीस फुटच. मग गणित चुकीचं का मी खोटं बोलून रायलो?

कॉइल_रिवाइंडिंग
काका, तुमचा पाईप पाणी किती फेकते? ड्रम लावून पाहा ना.

वावरवाला
लाईन आली तवा पाहिलं. दोनशे लिटरचा ड्रम पंधरा सेकंदात भरला. पोराच्या मोबाईलवर टाइम लावला होता.

जुना_मास्तर
हे तर गणितापेक्षा चांगलं गणित दिलंत. मांडतो.

200 ÷ 15 = 13.3 L/s, म्हणजे 13.3 kg/s. मिनिटाला 800 लिटर.
वर आणायला: 13.3 × 10 × 12 = 1600 W
तीन इंची पाईपचं तोंड साधारण 45.6 cm² = 45.6 × 10⁻⁴ m²
वेग: 0.0133 ÷ 0.00456 = 2.9 m/s
वेग द्यायला: ½ × 13.3 × 2.9² = जेमतेम 57 W

बघा, तुमच्या विहिरीवर गतिज ऊर्जा 1600 पुढे 57, सोडून दिली तरी चालते. तर्रीपोह्यांचं mgh तुमच्या वावरात जवळपास बरोबर ठरतं. गणितात मात्र दुपटीहून जास्त पाणी दोन इंची तोंडातून काढायला सांगितलंय, म्हणून वेग 15 आणि गतिज ऊर्जा वजन उचलण्याच्या ऊर्जेएवढी. खोली तीच असली तरी काम वेगळं आहे. तुम्ही खोटं बोलत नाही, गणितही चुकीचं नाही.

तर्रीपोहे
म्हणजे मी प्रॅक्टिकल आहे 😎
पण सिरियसली, 3.7 kW च्या मोटरमधून फक्त 1650 W पाण्यात जातात? अर्ध्याहून कमी? बाकीचं कुठं गेलं?

कॉइल_रिवाइंडिंग
पाईपच्या घासण्यात, बेंडमध्ये, फूट व्हॉल्व्हमध्ये, अन् पंपाच्या आत. इम्पेलर झिजला असला तर अजून. आणि प्लेटवरचे 3.7 म्हणजे मोटर शाफ्टवर किती देऊ शकते ते, दर वेळेस तेवढे देतेच असं नाही. पंपाने मागितलं तेवढंच ती देते. म्हणून 1650 ला 3700 ने भागून कार्यक्षमता सांगता येत नाही. क्लॅम्प मीटर लावून करंट पाहावा लागते.

बाय द वे सर, गणितात घासणं कुठं धरलं? दोन इंची पाईपातून 15 m/s? आम्ही पाईप निवडतो तेव्हा दोन-अडीच मीटरच्या वर वेग जाऊ देत नाही. 15 ने पाणी सोडलं तर घासण्यातच बाराहून जास्त मीटर उंचीएवढी ताकद जाईल.

जुना_मास्तर
जाईल, आणि बाराच्या बरीच वर जाईल. घर्षण साधारण वेगाच्या वर्गाने वाढतं. मात्र प्रश्नात फक्त तोटीचा छेद दिला आहे, पाईपचा नाही. पाईप चार इंची आणि फक्त शेवटची तोटी २० चौरस सेंटिमीटरची असेल, तर पाईपातला वेग चौपट कमी होतो आणि घर्षण बऱ्याच अंशी आटोक्यात येतं. परीक्षेत ते सोडूनच द्यायचं, कारण लांबी आणि खडबडीतपणा दिलेला नाही.

कॉइल_रिवाइंडिंग
मग ते 75% मध्ये धरलं असं म्हणायचं का?

जुना_मास्तर
प्रश्नाच्या भाषेवरून ते फक्त पंपाचे 75% वाटतात. तुम्ही संपूर्ण संचाचे म्हणाल तर मी भांडणार नाही. उत्तराचा आकडा बदलत नाही, अर्थ बदलतो.

निळी_शाई
अजून एक. पंप वर बसवला असेल तर १२ मीटरवरून पाणी खेचता येतं का? हवेचा दाब साधारण दहा मीटरच पाणी चढवतो असं शिकलोय आम्ही. मग प्रश्नच चुकीचा!

वावरवाला
वर कोण बसवते बापा. हिरीत खाली ओट्यावर बसवतेत, पाण्यापासून दोन-तीन पुरुष वर. नाईतर पाण्यातली मोटर सोडायची.

कॉइल_रिवाइंडिंग
काकांनी बरोबर सांगितलं. सक्शन सहा-सात मीटरच्या वर गेलं की पंप पाणी खेचणं सोडते. तुम्ही म्हणता ते दहा मीटर कागदावरचे. प्रश्नात पंप कुठं आहे ते लिहिलं नाही, म्हणून प्रश्न चूक नाही. (काका, दोन-तीन पुरुष म्हणजे तीन-पाच मीटर धरतो मी, बरोबर?)

वावरवाला
हाव, तेवढंच.

तुरीची_शेंग
सर, मला समजलं का ते मी स्वतःच एक बदल करून पाहिलं. तोटी अर्धी केली, 10 cm², पाणी तेवढंच.

10 cm² = 10 × (10⁻² m)² = 10⁻³ m²
v = 0.03 ÷ 0.001 = 30 m/s
वर आणायला: 3600 W, तेच
वेग द्यायला: ½ × 30 × 30² = 13500 W
एकूण 17100 W
÷ 0.75 = 22800 W = 22.8 kW

तोटी अर्धी केली तर गतिज भाग चौपट झाला. बरोबर आहे का?

जुना_मास्तर
बरोबर. एककंही प्रत्येक ओळीत लिहिलीस, हे छान.

तर्रीपोहे
पण खऱ्या पंपाची तोटी अर्धी दाबली तर तो 22.8 kW घेणार नाही ना? पाणीच कमी येईल. आम्ही होळीला पाईपवर अंगठा दाबतो तेव्हा मोटर काही जळत नाही.

कॉइल_रिवाइंडिंग
पाणी कमी येते अन् या सेंट्रिफ्युगल पंपात करंट बी उतरते. शेंगेनं "पाणी तेवढंच" लिहिलं, ते गणितात ठीक. वावरात तोटी दाबून पाणी तेवढंच ठेवायचं तर पंपच दुसरा घ्यावा लागते, जास्त हेडचा.

निळी_शाई
मग तोटी अर्धी केल्यावर खरंच पाणी किती येईल, ते काढता येतं का?

कॉइल_रिवाइंडिंग
पंपाचा कर्व्ह लागते त्याला, कंपनीच्या कॅटलॉगमध्ये असते. माझ्याकडं एक जुना कॅटलॉग आहे, पण त्यात प्रवाह लिटर पर सेकंदात अन् हेड फुटात दिलंय. शोधून फोटो टाकतो, दुकानात उजेडात काढतो म्हणजे डाग पडणार नाहीत.

तुरीची_शेंग
टाका काका. फुटाचं मीटर मी करते. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर साधा नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.